वेळापत्रकातली खूण आणि सात रकाने

छापील वेळापत्रकाच्या फोटोवरून वेळा उतरवून घेणं तसं अवघड नाही. सहा बारा, सहा सव्वीस, सहा एकेचाळीस असे आकडे एकाखाली एक येत जातात. एखादा चुकला तर तो लपत नाही, कारण गाडी पुढच्या स्थानकावर मागच्या स्थानकाच्या आधी पोहोचू शकत नाही. अडचण असते ती वेळेच्या डोक्यावर किंवा कडेला बसलेल्या बारीक खुणेची. एखादा क्रूस, वर्तुळातला आकडा, वर्तुळातलं अक्षर. गाडी कोणत्या वारी धावते, हे ती खूण सांगते. ती चुकीची वाचली गेली तर शेजारची कुठलीही नोंद ती चूक दाखवून देत नाही. चूक कळते ती थेट प्रवाशाला, फलाटावर उभं राहिल्यावर, गाडी येत नाही तेव्हा.

मोबाइलवर बस किंवा गाडीची वेळ शोधणारी बहुतेक ॲप ज्या साच्यातली माहिती वाचतात, त्याचं नाव GTFS. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांच्या 2005 सालच्या कामातून हा साचा निघाला आणि आज जगभरच्या वाहतूक संस्था आपली वेळापत्रकं त्यात देतात. या साच्यात खुणांना जागाच नाही. तिथे `calendar.txt` नावाची एक साधी फाइल असते आणि तिच्यात सोमवार ते रविवार असे सात रकाने असतात. प्रत्येक रकान्यात 1 किंवा 0. एक म्हणजे त्या वारी गाडी आहे, शून्य म्हणजे नाही. मधलं काही नाही. छापील पानावरची खूण या सात होय-नाहींमध्ये उतरवणं हे काम वरवर कारकुनी दिसतं, पण त्यात बारकाईने ठरवण्यासारखं बरंच आहे.

खुणांची भाषा सर्वात पक्की झाली ती युरोपात. टॉमस कुक कंपनीने 1873 साली युरोपभरच्या रेल्वे वेळापत्रकांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. 2013 साली कंपनीने ते बंद केलं आणि पुढच्याच वर्षी ते ‘युरोपियन रेल टाइमटेबल’ या नावाने स्वतंत्रपणे पुन्हा सुरू झालं. अनेक देशांच्या गाड्या एकाच पुस्तकात बसवायच्या, वाचणारा कुठल्या भाषेचा असेल याचा नेम नाही, म्हणून वार शब्दांत न लिहिता खुणांनी दाखवायची पद्धत तिथे रुळली. ① म्हणजे सोमवार आणि तिथून क्रमाने ⑦ म्हणजे रविवार. Ⓐ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, पण सार्वजनिक सुट्ट्या वगळून. Ⓑ म्हणजे शनिवार सोडून रोज. Ⓒ म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार, सुट्ट्या वगळून. आणि † हा क्रूस म्हणजे रविवार व सुट्ट्या. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया इथल्या स्थानिक वेळापत्रकांतही याच कुळातल्या खुणा दिसतात.

आता एक पान घेऊ. समजा, जर्मनीतल्या एका आडमार्गावरच्या छोट्या लाइनचं पान आहे आणि कुणीतरी त्याचा फोटो काढून आपल्याकडे दिला आहे. पानावर पाच गाड्या आहेत. पहिली सकाळी 6.12 ची, तिच्या डोक्यावर Ⓐ. दुसरी 6.42 ची, तिच्यावर हातोडे. तिसरी 7.12 ची, तिच्यावर काहीच नाही. चौथी 8.12 ची, तिच्यावर Ⓒ. पाचवी रात्री 22.42 ची, तिच्यावर ⑤⑥. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आहे की हे वेळापत्रक 14 डिसेंबर 2025 ते 12 डिसेंबर 2026 या काळासाठी आहे. युरोपात वेळापत्रक बदलण्याचा दिवस ठरलेला असतो, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार. त्यामुळे या तारखा तिकडच्या वाचकाला ओळखीच्या असतात.

यातली तिसरी गाडी आधी घेऊ, कारण नवख्या माणसाचा हात तिथेच अडखळतो. तिच्यावर खूण नाही, म्हणून रकाने रिकामे सोडावेसे वाटतात. पण वेळापत्रकात खूण नसणं हीच एक माहिती असते: ही गाडी रोज आहे. सातही रकान्यांत 1 लिहायचा. रिकामा रकाना आणि खूण नसलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद पुढे फार उपयोगी पडतो. बाकीच्या चार गाड्यांचे सात वार खुणांच्या यादीवरून सरळ भरता येतात. पाचही मिळून फाइल अशी होते:

```
service_id,monday,tuesday,wednesday,thursday,friday,saturday,sunday,start_date,end_date
A,1,1,1,1,1,0,0,20251214,20261212
H,1,1,1,1,1,1,0,20251214,20261212
D,1,1,1,1,1,1,1,20251214,20261212
C,0,0,0,0,0,1,1,20251214,20261212
F56,0,0,0,0,1,1,0,20251214,20261212
```

ओळीच्या सुरुवातीचं A, H, D हे त्या धावण्याच्या तऱ्हेला आपण दिलेलं नाव. गाडीचं नाव किंवा क्रमांक तिथे नसतो. पानावर Ⓐ खुणेच्या वीस गाड्या असतील तरी Ⓐ ची ओळ एकच लिहायची आणि त्या विसांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. मोठं पान उतरवतानाही अशा तऱ्हा थोड्याच निघतात. म्हणून अनुभवी माणसं आधी वेळांना हात लावत नाहीत. पानावर एकूण किती प्रकारच्या खुणा आहेत ते मोजतात, प्रत्येकीची ओळ पक्की करतात आणि मगच गाड्या भरायला घेतात.

इतकं झालं की काम संपल्यासारखं वाटतं. पण Ⓐ च्या व्याख्येतला ‘सुट्ट्या वगळून’ हा भाग कुठे गेला? सात रकान्यांत त्याला जागा नव्हती, म्हणून तो गळून पडला. असं समजा, पानावर आणखी एक गाडी आहे आणि तिच्यावर ①–⑤ अशी खूण आहे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सुट्टीचा उल्लेख नाही. तिची ओळही 1,1,1,1,1,0,0 अशीच होईल. छापील पानावर वेगळ्या दिसणाऱ्या दोन खुणा सात रकान्यांत उतरल्यावर सारख्याच दिसतात. 1 मे 2026 रोजी शुक्रवार आहे आणि जर्मनीत कामगार दिनाची सुट्टी आहे. त्या दिवशी ①–⑤ ची गाडी येईल, Ⓐ ची येणार नाही. Ⓒ ची मात्र शुक्रवार असूनही येईल, कारण तिच्या खुणेत सुट्टी सामील आहे.

माझ्या मते या कामातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. खूण म्हणजे वारांची नुसती यादी असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एक नियम असते. नियमाचा वारांपुरता भाग सात रकान्यांत मावतो आणि उरलेला भाग दुसरीकडे लिहून ठेवावाच लागतो. GTFS मध्ये त्यासाठी `calendar_dates.txt` ही दुसरी फाइल आहे. तिच्यात एकेका तारखेचा अपवाद लिहितात. शेवटच्या रकान्यात 1 म्हणजे त्या तारखेला गाडी जादा धरा, 2 म्हणजे त्या तारखेची गाडी काढा. आपल्या पानासाठी दोन सुट्ट्या लिहून पाहू, 1 मे आणि 3 ऑक्टोबरचा जर्मन एकता दिन:

```
service_id,date,exception_type
A,20260501,2
H,20260501,2
C,20260501,1
H,20261003,2
```

3 ऑक्टोबरला एकच ओळ का? कारण 2026 साली त्या तारखेला शनिवार येतो. Ⓐ ची गाडी शनिवारी तशीही नाही, तेव्हा काढायचं काही नाही. Ⓒ ची गाडी शनिवारी आहेच, तेव्हा घालायचं काही नाही. फक्त हातोड्यांची गाडी शनिवारी असते आणि सुट्टीमुळे ती जाते. ⑤⑥ च्या रात्रीच्या गाडीला दोन्ही तारखांना धक्का लागत नाही. अशी एकेक सुट्टी हाताने तपासत गेलं की खुणेचा नियम डोक्यात पक्का बसतो. ईस्टरनंतरचा सोमवार, 6 एप्रिल 2026, हाही जर्मनीभर सुट्टीचा दिवस आहे. त्या दिवशी कोणकोणत्या ओळी लागतील हे वाचकांनी स्वतः काढून पाहावं. उत्तर 1 मे सारखंच येईल.

सुट्टी म्हणजे नेमकी कोणाची सुट्टी, हाही प्रश्न आहेच. कॉर्पस ख्रिस्तीचा गुरुवार बव्हेरियात सुट्टीचा आहे, बर्लिनमध्ये नाही. तेव्हा हातोड्यांची एकच खूण दोन राज्यांच्या पानांवर वर्षाकाठी वेगवेगळ्या तारखा वगळते. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या लोकलचं देता येईल. काही सुट्ट्यांना लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, पण कोणत्या सुट्टीला, हे रेल्वे त्या त्या वेळी जाहीर करते. बँकेच्या सुट्ट्यांची यादी समोर ठेवून लोकलचे अपवाद भरले तर ते चुकतील. म्हणून सुट्टीच्या तारखा लगेच भरण्याची घाई करू नये, असं मला वाटतं. आधी आपल्या कच्च्या तक्त्यात सात वारांच्या पुढे ‘सुट्टी’ असा आठवा रकाना घ्यावा. त्यात तीन उत्तरं असू शकतात: सुट्टीला धावते, सुट्टीला धावत नाही, किंवा सुट्टीचा परिणाम नाही, वार असेल तसं. Ⓒ आणि † पहिल्या गटात, Ⓐ आणि हातोडे दुसऱ्या, आणि वर्तुळातले आकडे व Ⓑ तिसऱ्या. हा रकाना हाताशी असला की त्या भागातल्या सुट्ट्यांची खरी यादी मिळेल तेव्हा `calendar_dates.txt` तयार करणं तासाभराचं काम उरतं. तो नसेल तर छापील पान पुन्हा शोधावं लागतं, आणि पान बहुधा तोवर भिंतीवरून गेलेलं असतं.

आता फोटोकडे वळू. वेळापत्रकाच्या मूळ पानावर ज्या खुणा स्पष्ट वेगळ्या असतात त्या फोटोत एकमेकींत मिसळतात. याचं अगदी अंगावर येणारं उदाहरण हातोड्यांचंच आहे. गाडीला खानपानाचा डबा असेल तर त्याची खूण म्हणजे एकमेकांवर ठेवलेले काटा आणि सुरी. दोन मिलिमीटरच्या छपाईचा, काचेमागून, थोडा तिरपा काढलेला फोटो असला की दोन्हींचा नुसता × उरतो. एकीने रविवार जातो, दुसरीने फक्त जेवणाची सोय कळते. कसं ओळखायचं? फोटो मोठा करून फुलीची वरची टोकं पाहावीत. हातोड्याचं डोकं जाड, आडवं असतं. काट्याचं टोक दात असल्यामुळे फुटल्यासारखं दिसतं. तेवढ्याने भागलं नाही तर खूण कुठल्या ओळीत बसली आहे ते पाहावं. वारांच्या खुणा आणि सोयींच्या खुणा बहुधा डोक्यावरच्या वेगवेगळ्या ओळींत छापतात, आणि शेजारच्या गाडीवर कुठलीही निःसंशय खूण असेल तर ती ओळ कशाची हे कळतं. आणि गाडी पाऊण तासाच्या आडमार्गावरची असेल तर तिला खानपानाचा डबा असण्याचं काही कारण नाही.

दुसरी गफलत वर्तुळांची. Ⓐ आणि ④ अस्पष्ट फोटोत जुळ्यासारखे दिसतात, कारण दोन्हींत मधोमध आडवी रेघ आणि डावीकडे तिरकी रेघ असते. Ⓑ आणि ⑧ चंही तसंच होतं, पण आठवा वार नसल्यामुळे ती चूक आपोआप सापडते. Ⓐ ऐवजी ④ वाचला तर आठवड्यातल्या पाच फेऱ्यांची एक होते. अक्षरं ओळखणाऱ्या संगणकीय साधनांकडे फोटो दिला तर आणखी एक प्रकार घडतो. वर्तुळ निघून जातं आणि ⑥ चा नुसता 6 उरतो, तो वेळेला चिकटतो, आणि 7.12 च्या जागी 67.12 असं काहीतरी तयार होतं. असा आकडा दिसला तर तो ‘दुरुस्त’ करून 7.12 करायचा मोह आवरावा, कारण तिथे शनिवारची खूण हरवलेली असते. वेळ दुरुस्त झाली म्हणून वार दुरुस्त होत नाही.

खूण कुठे बसली आहे, याचाही अर्थ असतो. गाडीच्या रकान्याच्या डोक्यावरची खूण सगळ्या गाडीला लागू होते. एखाद्या स्थानकाच्या वेळेशेजारची खूण फक्त तिथल्या थांब्याला लागू होते. गाडी रोज धावते, पण अमुक स्थानकावर फक्त शनिवारी थांबते, अशी गाडी सात रकान्यांच्या एका ओळीत बसत नाही. तिच्या दोन गाड्या कराव्या लागतात: एक रविवार ते शुक्रवारची, त्या थांब्याशिवाय, आणि एक शनिवारची, त्या थांब्यासह. दोन्हींच्या वारांची बेरीज केली तर सातही रकान्यांत बरोबर एकच 1 यायला हवा. कुठे 2 आला तर प्रवाशाला तीच गाडी दोनदा दिसेल; कुठे 0 आला तर एका वाराची गाडी गायब होईल.

हीच बेरीज खुणा तपासायलाही वापरता येते. Ⓐ आणि Ⓒ या एकमेकींना पुरक खुणा आहेत; दोन्हींच्या ओळी मिळवल्या की 1,1,1,1,1,1,1 येतं, आणि आठव्या रकान्यात एक ‘सुट्टीला धावते’ तर दुसरी ‘धावत नाही’ असते. हातोडे आणि † ही जोडीही तशीच. Ⓑ आणि ⑥ चीही. वेळापत्रकात पुष्कळदा एकाच वेळेच्या आसपासच्या दोन गाड्या अशा जोडीने येतात: 6.12 ची Ⓐ आणि 6.20 ची Ⓒ. सकाळच्या त्या गाडीची जागा आठवड्याच्या शेवटी थोडी उशिराची गाडी घेते. 6.12 वर आपण ④ वाचला असेल आणि 6.20 वर Ⓒ असेल, तर बेरीज 0,0,0,1,0,1,1 येते आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार उघडे पडतात. सकाळच्या शाळा-कचेरीच्या वेळेला आठवड्यातले चार दिवस गाडी नाही, असं रेल्वे सहसा करत नाही. तेव्हा फोटो पुन्हा पाहायचा.

आणि पाहूनही कळलं नाही तर? तेव्हा रकाना रिकामा सोडायचा, शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे ‘गाडी नाही’ हे ठाम विधान आहे. रिकामा रकाना म्हणजे ‘वाचता आलं नाही’. पंचाईत अशी की `calendar.txt` ला रिकामा रकाना चालत नाही, तिथे 1 किंवा 0 द्यावाच लागतो. या सक्तीपोटी अनेकजण शंका आली की 0 भरून मोकळे होतात, आणि त्यानंतर ती शंका होती हे कुणालाच कळत नाही. म्हणून कच्चा तक्ता वेगळा ठेवणं हाच शहाणपणा. त्यात सात वार, आठवा सुट्टीचा रकाना, नववा फोटोत दिसली तशी मूळ खूण जशीच्या तशी, आणि फोटोचं नाव. जोवर एखाद्या ओळीत रिकामा रकाना आहे तोवर ती गाडी पक्क्या फाइलमध्ये जाऊ द्यायची नाही. मूळ खुणेचा रकाना आळसाने वगळू नये. उद्या कळलं की या प्रदेशात त्या खुणेचा अर्थ वेगळा आहे, तर फक्त त्याच ओळी शोधून बदलता येतात.

आणि अर्थ खरोखरच वेगळा असतो. जर्मन वेळापत्रकात हातोडे म्हणजे सोमवार ते शनिवार, कारण तिथल्या हिशेबात शनिवार कामाचा दिवस धरतात. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात वेळापत्रकावर तेच हातोडे असतात, पण त्यांचा अर्थ सोमवार ते शुक्रवार. सीमेच्या या बाजूला सहा 1, त्या बाजूला पाच. चित्र तेच. म्हणून खूण ओळखीची वाटली तरी त्याच पानाखालची किंवा त्याच पुस्तकातली तळटीप वाचल्याशिवाय ओळ भरायची नाही. वारांची मोजणी कुठून सुरू होते हेही तिथेच पाहायचं. ① म्हणजे सोमवार, GTFS चा पहिला रकानाही सोमवार. पण आपल्या भिंतीवरच्या पुष्कळ दिनदर्शिकांत आठवडा रविवारपासून मांडलेला असतो. ती सवय हाताला असली की अख्खी ओळ एका घराने सरकते, आणि रोजच्या गाड्यांत काहीच फरक न पडल्यामुळे चूक बराच काळ दिसत नाही.

आपल्या रेल्वेच्या गाड्यांबाबत एक वेगळीच सरकवासरकव मुद्दाम करावी लागते. भारतीय रेल्वे गाडीचे वार सांगते ते ती जिथून सुटते त्या स्थानकाचे. शुक्रवारी रात्री सुटलेली साप्ताहिक गाडी आपल्या गावात पहाटे येते, तेव्हा तिथे शनिवार उजाडलेला असतो. गावच्या स्थानकावरच्या फलकाचा फोटो असेल तर त्यावरचा वार सुटण्याचा आहे की येण्याचा, हे आधी ठरवायला हवं. GTFS चा नियम स्पष्ट आहे: वार सुटण्याच्या दिवसाचा, आणि मध्यरात्रीनंतरची वेळ चोवीसच्या पुढे मोजायची. पहाटे दीडची वेळ `25:30:00` अशी लिहितात. म्हणजे शुक्रवारच्या रकान्यात 1, बाकीचे 0, आणि गावची वेळ 25:30. फलकावर ‘शनिवार, 1.30’ असं असेल तर सातही उत्तरं एक घर मागे न्यायची. सोमवारची गाडी असेल तर 1 रविवारच्या रकान्यात, म्हणजे ओळीच्या शेवटच्या टोकाला जातो. हे विसरलं की गाडी एक दिवस उशिरा दिसते.

तारखांचे दोन रकाने, `start_date` आणि `end_date`, हे कित्येकांना औपचारिक वाटतात. कोकण रेल्वेची उदाहरणं पाहिली तर तसं वाटणार नाही. मुंबई ते मडगाव वंदे भारत जून 2023 मध्ये सुरू झाली. तेव्हा रेल्वेने जाहीर केलं की इतर काळात ती मुंबईहून शुक्रवार सोडून रोज सुटेल आणि पावसाळी वेळापत्रकात सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तीनच दिवस. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं:

```
इतर काळ   1,1,1,1,0,1,1
पावसाळा   1,0,1,0,1,0,0
```

शुक्रवारचा रकाना पाहा. एरवी नेमका शुक्रवारच सुट्टीचा, आणि पावसाळ्यात शुक्रवार धावण्याचा. फलकाचा फोटो फेब्रुवारीत काढला आणि तारखेची मुदत न लिहिता ओळ भरली, तर जुलैमध्ये ती चार वारी नसलेली गाडी दाखवेल आणि एका वारी असलेली लपवेल. फोटोच्या फाइलवरची तारीख इथे कामाची नाही, कारण ती फोटो काढल्याची असते. हवी असते ती वेळापत्रक लागू असल्याची मुदत. ती फलकावर लिहिलेली नसेल तर मुदत छोटी धरावी आणि पावसाळी वेळापत्रक लागू होण्याच्या आदल्या दिवशी ओळ संपवावी. जुनी ओळ चालू राहून चुकीचं सांगण्यापेक्षा त्या दिवसानंतर ॲपने काहीच न सांगणं प्रवाशाला कमी महाग पडतं.

एसटीच्या स्थानकांवर चिन्हं क्वचित, वाक्यंच जास्त असतात: ‘रविवार सोडून’, ‘बाजारच्या दिवशी’, ‘शाळा चालू असताना’. पहिलं वाक्य थेट सात रकान्यांत बसतं. दुसऱ्यासाठी त्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी, हे माहीत असावं लागतं. माहीत असलं की तेही एकच 1 आणि सहा शून्यं. तिसरं मात्र सात रकान्यांत कधीच पुरतं बसत नाही. शाळेच्या मुलामुलींसाठी खेड्यांतून धावणाऱ्या गाड्या सोमवार ते शनिवार असतात खऱ्या, पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या नसतात, आणि उन्हाळ्याची सुट्टी विदर्भात इतर भागांपेक्षा उशिरा संपते. अशा गाडीची एकच वर्षभराची ओळ लिहून तिला शेकडो अपवाद जोडण्यापेक्षा दोन सत्रांच्या दोन ओळी कराव्यात. वार दोन्हींत तेच, तारखा वेगळ्या. सत्राच्या तारखा जिल्ह्याच्या शाळांकडून घ्याव्यात.

ज्यांना आपल्या गावच्या स्थानकाचं वेळापत्रक कुणाला तरी उतरवून द्यायचं आहे, त्यांना एक विनंती. फोटो काढताना नुसत्या वेळांचा काढू नका. पान सरळ समोरून, काचेवर उजेड चमकणार नाही अशा बाजूने घ्या. खालच्या तळटिपांचा वेगळा, जवळून फोटो काढा, मग त्या कितीही बारीक असोत. मुदतीची तारीख जिथे लिहिली असेल त्या कोपऱ्याचा तिसरा फोटो काढा. तळटीप दुसऱ्या फलकावर असेल तर तिथवर चालत जा. आणि शक्य असेल तर चौकशीच्या खिडकीवर दोन प्रश्न विचारून घ्या: या गाड्या सुट्टीला धावतात का, आणि फलकावरचा वार गाडी सुटण्याचा आहे की इथे येण्याचा. फोटोत ही दोन उत्तरं बहुतेकदा नसतात.